शेअर सौरऊर्जेचे, पण मूळ कंपनी कुठली?

प्रश्न : माझे सासरे गेल्या वर्षी वारले. त्यांच्या डीमॅट खात्यात सौरऊर्जेच्या एका कंपनीचे ४०० शेअर निघाले. त्यांनी शेअर घेतले ते सगळे ऐंशी-नव्वदच्या दशकात, तेही गिरण्यांचे नाहीतर रसायनांचे. सौरऊर्जेचं नाव त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही. ब्रोकर म्हणतो, ‘जुन्या लिस्टेड कंपनीत रिव्हर्स मर्जर झालंय.’ म्हणजे नक्की काय झालं? ती कंपनी मुळात काय करायची, हे मला कसं कळेल? आणि ते शोधण्यात काही अर्थ आहे, की सरळ विकून टाकू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, विकायचे असले तरी आधी शोधा. शोधायला फार तर चारशे-पाचशे रुपये आणि दोन-तीन दुपारी लागतील. त्यातून तीन गोष्टी कळतील : शेअरची किंमत खरी आहे का, विकल्यावर कर किती बसेल, आणि जुन्या नावाखाली तुमच्या घराचे आणखी काही पैसे कुठे अडकले आहेत का.

काय झालं ते आधी आकड्यांत पाहू. आकडे मी नमुन्यासाठी घेतले आहेत, पण व्यवहार साधारण असाच होतो.

समजा, १९८०-९०च्या काळात कोणी एक छोटी सूतगिरणी काढली. शेअर बाजारात नोंदवली. गिरणी पुढे बंद पडली, यंत्रं विकली, कामगारांचे हिशेब झाले. पण कंपनी मात्र कागदावर जिवंत राहिली. तिचे ३० लाख शेअर आहेत. त्यातले निम्मे, १५ लाख, प्रवर्तकांकडे आणि उरलेले १५ लाख तुमच्या सासऱ्यांसारख्या हजारेक लोकांकडे. बाजारात भाव २० रुपये, म्हणजे सगळ्या कंपनीची बाजारातली किंमत ६ कोटी. प्रत्यक्षात आत काही नाही. अशा कंपनीला शेल म्हणतात. तिच्याकडे विकण्याजोगी एकच गोष्ट असते : तिची बाजारातली नोंदणी आणि तिच्याबरोबर येणारे तयार भागधारक.

आता सौरऊर्जेचा धंदा करणारी एक खासगी कंपनी आहे. तिला बाजारात यायचंय. सरळ रस्ता आयपीओचा, पण त्यात नफ्याच्या, मालमत्तेच्या अटी, मर्चंट बँकर, सेबीची छाननी आणि लोक शेअर घेतील की नाही ही धास्ती. म्हणून तिचे मालक बंद गिरणीच्या प्रवर्तकांकडून त्यांचे १५ लाख शेअर विकत घेतात. इथे पहिला कायदा आडवा येतो. कोणी २५ टक्के किंवा त्याहून जास्त मतांचा हक्क मिळवू लागला, तर त्याला बाकीच्या भागधारकांकडून किमान २६ टक्के शेअर विकत घेण्याची तयारी जाहीरपणे दाखवावी लागते. याला ओपन ऑफर म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, शोधताना याचा मोठा उपयोग आहे.

पुढची पायरी. जुनी कंपनी ठराव करते की सौर कंपनीचे सगळे शेअर आपण घेऊ आणि मोबदल्यात रोकड न देता आपले नवे शेअर देऊ. सौर कंपनीची किंमत मूल्यांकनकाराने १८ कोटी ठरवली. २० रुपयांनी त्याचे ९० लाख नवे शेअर होतात. आता एकूण शेअर झाले १ कोटी २० लाख. सौर कंपनीच्या मालकांकडे आधीचे १५ लाख आणि नव्यातले ७५ लाख, म्हणजे ७५ टक्के. नव्यातले उरलेले १५ लाख त्यांच्या बाहेरच्या गुंतवणूकदारांना गेले. ते आणि जुने भागधारक मिळून २५ टक्के. लिस्टेड कंपनीत जनतेचा हिस्सा किमान २५ टक्के राहिला पाहिजे, म्हणून हा हिशेब असा बेतलेला असतो.

कागदावर छोट्या जुन्या कंपनीने मोठी नवी कंपनी विकत घेतली. प्रत्यक्षात मोठीच लहानीच्या आत शिरून मालक झाली. हेच ते रिव्हर्स मर्जर. नंतर नाव बदलतं, मेमोरँडममधला, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्या मूळ दस्तऐवजातला, उद्देश बदलतो, बहुतेक वेळा नोंदणीकृत कार्यालयही दुसऱ्या शहरात जातं. सासऱ्यांचे ४०० शेअर ४००च राहिले, पण कंपनीतला त्यांचा वाटा आधीच्या चौथ्या हिश्शावर आला.

दुसरा रस्ता म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे रीतसर विलीनीकरणाची योजना मांडायची. त्यात सेबीची एक कडक अट आहे : योजनेआधीच्या लिस्टेड कंपनीतल्या सार्वजनिक भागधारकांकडे, खासगी कंपनीतले मोठे संस्थात्मक गुंतवणूकदार धरून, नंतरही किमान २५ टक्के हिस्सा उरला पाहिजे. आपल्या उदाहरणात जुन्या लोकांकडे उरले १५ लाख, म्हणजे साडेबारा टक्के. ते बसत नाही. रिकाम्या कंपन्यांच्या बाबतीत शेअरच्या बदल्यात शेअरचा पहिला रस्ता सोयीचा पडतो, त्याचं हे एक मोठं कारण.

हा प्रकार मुळातच वाईट, असं मात्र समजू नका. याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये १९३० साली जिओफिजिकल सर्व्हिस नावाची कंपनी निघाली. जमिनीत स्फोट घडवून परत येणाऱ्या लहरींवरून तेल कुठे आहे ते शोधायचं, हा तिचा धंदा. १९५१ साली तिने टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स हे नाव घेतलं आणि १९५२ साली ट्रान्झिस्टर बनवण्याचा परवाना मिळवला. तिला न्यूयॉर्कच्या बाजारात यायचं होतं. १९५३ साली ती इंटरकॉन्टिनेंटल रबर कंपनी नावाच्या जवळजवळ निपचित पडलेल्या लिस्टेड कंपनीशी एक झाली आणि १ ऑक्टोबर १९५३ पासून तिचे शेअर तिथे विकले-घेतले जाऊ लागले.

आता तुम्ही विचारलेला प्रश्न या रबर कंपनीला लावा : ती मुळात काय करायची? उत्तर मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या वाळवंटात मिळतं. तिथे ग्वायूले नावाचं झुडूप होतं. रबराच्या झाडाला खाच पाडून चीक गोळा करतात, तसं इथे करता येत नाही. या झुडपाचं रबर त्याच्या पेशींतच असतं, म्हणून अख्खं झुडूप उपटून दळावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोर्रेऑन शहराच्या परिसरात हा उद्योग भरभराटीला आला. पण उपटून दळायचं म्हटल्यावर रानातली झुडपं संपत आली आणि १९१० पासून मेक्सिकोत क्रांती पेटली. मग कंपनीने अमेरिकेत ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात लागवड केली. १९३० साली अमेरिकी सैन्याने याच झुडपाची पाहणी करायला दोन मेजर पाठवले होते. त्यातले एक ड्वाइट आयझेनहॉवर, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते. १९४२ साली आशियातलं रबर जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकी सरकारने कंपनीची तिथली लागवड विकत घेऊन आणीबाणीचा प्रकल्प चालवला. युद्ध संपलं, कृत्रिम रबर आलं, आशियातून मालही सुरू झाला आणि प्रकल्प गुंडाळला गेला. कंपनीकडे धंदा उरला नाही, बाजारातली जागा उरली. १९५३च्या त्या विलीनीकरणानंतर पाच वर्षांनी, १९५८ साली, त्याच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बींनी पहिलं इंटिग्रेटेड सर्किट दाखवलं. वाळवंटातल्या झुडपासाठी पैसे गुंतवलेल्या आणि शेअर न विकलेल्या माणसाच्या हाती चिप बनवणारी कंपनी आली. इथे आत आलेला धंदा खरा होता. तुमच्या कंपनीतला तसा आहे का, हेच पाहायचंय.

आता शोध. एक अडचण आधी सांगते, नाहीतर तुम्ही नको तिथे वेळ घालवाल. कंपनीचे एकत्रित हिशेब वाचून मूळ धंदा कळणार नाही. हिशेबाच्या नियमात, म्हणजे इंड एएस १०३ मध्ये, कागदावर कोणी कोणाला घेतलं यापेक्षा ताबा कोणाकडे गेला हे पाहतात. अशा व्यवहारात खरेदीदार मानली जाते ती सौर कंपनी. त्यामुळे एकत्रित ताळेबंदात मागच्या वर्षांचे आकडेही सौर कंपनीचेच छापले जातात, जणू ही कंपनी पहिल्यापासून पॅनेलच बसवत होती. वेबसाइटवरचा ‘आमचा प्रवास’ तर त्याच्याही पुढे असतो. त्याच वार्षिक अहवालात स्वतंत्र, म्हणजे स्टँडअलोन, हिशेब असतात. ते मात्र त्या कायदेशीर कंपनीचेच असतात, म्हणून नेहमी ते उघडा.

सुरुवात कंपनीच्या ओळख क्रमांकापासून करा. याला सीआयएन म्हणतात. तो २१ अक्षर-आकड्यांचा असतो आणि अहवालावर, पत्राच्या कागदावर, वेबसाइटच्या तळाशी छापलेला असतो. कसा वाचायचा ते दोन ओळखीच्या कंपन्यांवरून दाखवते. या दोन्ही रिव्हर्स मर्जरच्या नव्हेत, वाचायला सोप्या म्हणून घेतल्या.

रिलायन्स इंडस्ट्रीजचा क्रमांक L17110MH1973PLC019786 असा आहे. पहिलं `L` म्हणजे लिस्टेड. पुढचे पाच आकडे उद्योगाचे. `MH` म्हणजे आत्ताचं नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात. `1973` स्थापनेचं वर्ष, `PLC` म्हणजे पब्लिक कंपनी आणि शेवटी नोंदणी क्रमांक. तेल शुद्ध करणारी आणि फोन चालवणारी ही कंपनी, पण उद्योगाचा आकडा १७ने सुरू होतो आणि तो कापडाचा आहे. तिची नोंदणी १९७३ साली कर्नाटकात ‘मायनायलॉन लिमिटेड’ या नावाने झाली होती. म्हणजे मूळ राज्य क्रमांकातून गेलं, धंद्याची खूण राहिली.

विप्रोचा क्रमांक पाहा : L32102KA1945PLC020800. इथे ३२ने सुरू होणारा आकडा इलेक्ट्रॉनिक्सचा आणि राज्य कर्नाटक. मूळचं काहीच उरलं नाही, असं वाटतं. पण `1945` कुठे गेलेलं नाही. १९४५ साली हिंदुस्थानात संगणकाची कंपनी कोण काढणार? ती निघाली आपल्या खानदेशात, अमळनेरला, ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने, वनस्पती तूप करायला.

म्हणून आधी वर्ष पाहा, ते बदलत नाही. मग उद्योगाचा आकडा, पण त्यावर पूर्ण भरवसा नको, कारण धंदा बदलल्यावर तो बदलून घेता येतो. आणखी एक फसगत इथे हमखास होते. हे आकडे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या यादीतले असतात आणि ती यादी वेळोवेळी बदलली आहे. २००४च्या यादीत १७ म्हणजे कापड, २००८च्या यादीत १७ म्हणजे कागद. ६५ हा आकडा आधी वित्तपुरवठ्याचा होता, नंतर विम्याचा झाला. जुन्या कंपनीचा आकडा २००४च्या यादीतच बघा. नव्वदच्या दशकात स्थापन झालेल्या बऱ्याच कंपन्यांचा आकडा ६५ने सुरू झालेला दिसेल. त्या काळात लीजिंग-फायनान्सच्या कंपन्यांच्या पब्लिक इश्यूंचं पेव फुटलं होतं. १९९७ साली कायदा बदलून रिझर्व्ह बँकेची नोंदणी सक्तीची झाल्यावर त्यातल्या पुष्कळ कंपन्या थंडावल्या. आज शेल म्हणून हात बदलणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे.

यानंतर ओपन ऑफरकडे या. ताबा बदलताना ऑफर झाली असेल, तर तिचं ‘लेटर ऑफ ऑफर’ सेबीच्या वेबसाइटवर टेकओव्हरच्या विभागात फुकट मिळतं. त्यात ज्या कंपनीचा ताबा घेतला जातोय तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरण असतं : स्थापना कधी, कुठे, कोणत्या नावाने, नाव कितीदा आणि केव्हा बदललं, धंदा काय होता, तो कधी थांबला. मर्चंट बँकरने सही करून दिलेला असा सरळ इतिहास दुसरीकडे क्वचितच एका जागी मिळतो. मी नेहमी हाच कागद आधी शोधते. हेच पत्र तेव्हा प्रत्येक भागधारकाच्या पत्त्यावरही गेलेलं असतं, म्हणून सासऱ्यांच्या फायली चाळा. शिवाय ऑफरचं निवेदन वृत्तपत्रांत द्यावं लागतं, तेही बाजार जिथे आहे त्या ठिकाणच्या भाषेत. मुंबईच्या बाजारातल्या कंपन्यांची म्हणून मराठी दैनिकांत आतल्या पानांवर जी बारीक टायपातली निवेदनं येतात, त्यांत ही असतात.

सेबीकडे शोधायचं तर जुनं नाव हवं. ते मुंबई शेअर बाजाराच्या वेबसाइटवर मिळेल. कंपनीचा सहा आकडी स्क्रिप कोड नाव बदललं तरी तोच राहतो. नव्या नावाने कोड काढा आणि त्या कोडवर जुन्या घोषणा मागे मागे बघत जा. आधीचं नाव आपोआप समोर येईल.

ऑफर फार जुनी असेल किंवा सापडली नाही, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर जा. १०० रुपये भरले की त्या कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं ठरावीक वेळ उघडी होतात. २००६ साली हे काम संगणकावर आलं, त्याआधीचे कागद स्कॅन केलेले असले तरी अर्धवट असतात, हे धरून चला. तिथे पहिलं मेमोरँडम मिळालं तर मुख्य उद्देश वाचा. मात्र मेमोरँडममध्ये काय करायचा इरादा होता तेवढंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष धंद्यासाठी जुना वार्षिक अहवाल हवा. जुन्या कंपनी कायद्याच्या सहाव्या परिशिष्टाप्रमाणे कारखान्यांना परवान्यातली क्षमता, बसवलेली क्षमता आणि वर्षभरातलं उत्पादन नगांत किंवा टनांत छापावं लागे. २०११ नंतर ते बंद झालं. त्या आधीचा एक अहवाल हाती लागला, तर चात्या किती, सूत किती टन, सगळं एका पानावर दिसेल.

तोही नाही मिळाला तर दोन खुणा आणखी आहेत. एक, बोजांची नोंद. कंपनीने कर्ज घेऊन काय तारण ठेवलं याची यादी त्याच वेबसाइटवर असते, कर्ज फिटलं तरी नोंद राहते. १९८७ साली उद्योगांना कर्ज देणाऱ्या सिकॉमच्या नावे औद्योगिक वसाहतीतल्या जमिनीवर आणि यंत्रांवर बोजा, असं दिसलं तर कारखाना खरोखर उभा होता, हे समजतं. दुसरी खूण म्हणजे आजच्या स्टँडअलोन हिशेबातली आकस्मिक देण्यांची टीप. धंदा बंद होतो, नाव जातं, पण सरकारशी चाललेला वाद जात नाही. सौरऊर्जेच्या कंपनीच्या टिपेत ‘केंद्रीय उत्पादन शुल्क, सुताच्या वर्गीकरणाबाबत, १९९४-९५, अपील प्रलंबित’ अशी ओळ असू शकते. ती ओळ तुम्हाला मूळ धंदा सांगते आणि सावधही करते, कारण ते देणं आज तुमच्या कंपनीच्या अंगावर आहे. जुन्या कंपनीची कायदेशीर ओळख तीच राहिल्यामुळे कामगारांची थकबाकी, कर, बँकेची हमी, सगळं तिच्याबरोबर येतं. कधी उलटही होतं आणि हिशेबात नगण्य किमतीला लिहिलेली गिरणीची जमीन निघते.

आता शेअरची किंमत खरी आहे का, ते बघू. आपल्या नमुन्यात सगळा डोलारा १८ कोटींच्या मूल्यांकनावर उभा आहे. ते खरं असेल तर १ कोटी २० लाख शेअरमागे निदान १५ रुपयांचा धंदा आला. जुन्या भागधारकांच्या दृष्टीने हे उत्तमच, कारण त्यांच्या शेअरमागे आधी काहीच नव्हतं. सौर कंपनीची खरी किंमत ६ कोटीच असेल, तर शेअरमागे फक्त ५ रुपये आहेत आणि २० रुपये देणारा फसतोय. तपासायला १०० रुपये पुरतात. मंत्रालयाच्या त्याच वेबसाइटवर त्या खासगी सौर कंपनीचे, विलीन होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांचे हिशेब काढा. विक्री किती होती? कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च किती? २ कोटींची विक्री असलेली कंपनी व्यवहाराच्या वर्षातच ४० कोटींवर गेली, त्यातली बहुतेक रक्कम ‘येणी’ म्हणून पडून आहे आणि कामावर माणसं मात्र सहा, असं चित्र असेल तर माझ्या मते त्या भावावर विश्वास ठेवू नये.

नाव किती वेळा बदललं तेही बघा. बाजाराच्या नियमाप्रमाणे दोन नावबदलांत किमान एक वर्ष जावं लागतं आणि नव्या नावातून सुचणाऱ्या धंद्याचा मागच्या वर्षीच्या उत्पन्नात किंवा मालमत्तेत किमान निम्मा वाटा असावा लागतो. तरीही लीजिंग, मग सॉफ्टवेअर, मग बांधकाम, मग सौर, असा प्रवास करणाऱ्या कंपन्या आहेत. प्रत्येक वळणावर त्या काळी बाजारात जे चाललं होतं तेच नाव दिसतं. अशा कंपनीत मूळ धंदा एकच नसतो. मागे जाताना दर टप्प्याला प्रवर्तक कोण होते ते लिहून ठेवा, तीच माणसं पुन्हा दिसतात का ते समजेल. शेअर वाटल्याची तारीखही लिहा. सध्याच्या नियमात, प्रवर्तक नसलेल्यांना असे दिलेले शेअर सहा महिने विकता येत नाहीत. बंदी उठेपर्यंत भाव रोज थोडा थोडा चढत गेला आणि उठल्यावर विक्रीचा लोंढा आला, असं आलेखात दिसलं तर तो भाव कोणासाठी चढवला होता हे उघड आहे.

तुमच्या घरातल्या कागदांवर येऊ. डीमॅट खातं ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून खातं उघडल्यापासूनचं व्यवहारांचं विवरण मागा. सासऱ्यांनी कागदी प्रमाणपत्रं डीमॅट केली असतील तर त्या अर्जावर जुनं नाव आणि फोलिओ क्रमांक असेल. तो क्रमांक कंपनीच्या रजिस्ट्रारला कळवून, या फोलिओवर न वटलेला लाभांश होता का, हे लेखी विचारा. सात वर्षं न घेतलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातो, त्यामागोमाग शेअरही जातात. तिथून ते परत मिळवता येतात. निधीच्या वेबसाइटवर जुन्या आणि नव्या, दोन्ही नावांनी शोधा.

आणि कर. वारशाने आलेल्या शेअरला खरेदीची किंमत सासऱ्यांचीच धरतात, धारणाकाळही त्यांच्या खरेदीपासून. १ फेब्रुवारी २०१८ आधी घेतलेल्या लिस्टेड शेअरला एक सवलत आहे. ३१ जानेवारी २०१८ रोजीचा बाजारातला सर्वांत वरचा भाव आणि तुमची विक्रीची किंमत, यांतला जो आकडा कमी, तो मूळ खरेदीपेक्षा जास्त असेल तर खरेदी किंमत म्हणून तोच धरता येतो. त्या दिवशी ही कंपनी कदाचित वेगळ्याच नावाने बाजारात होती, म्हणून तो भाव स्क्रिप कोडवरूनच काढा. त्या दिवशी व्यवहार झाला नसेल तर त्याआधी ज्या दिवशी झाला तो भाव चालतो. मधे शेअरचं विभाजन झालं असेल तर भावही त्याच प्रमाणात कमी करावा लागेल, नाहीतर रिटर्नमध्ये आकडा चुकेल.

आधी मृत्यूचा दाखला देऊन शेअर वारसाच्या खात्यात घ्या, या हस्तांतरावर कर नाही. तोवर सीआयएन आणि लेटर ऑफ ऑफर मिळवा. दोन्ही हाती आले आणि काही अडलं, तर कंपनीचं जुनं नाव लिहून मला पुन्हा कळवा. आकस्मिक देण्यांची टीप आणि सौर कंपनीचे विलीन होण्याआधीचे हिशेब यांच्या प्रती जोडल्यात, तर ठेवावेत की विकावेत, यावर नेमकं बोलता येईल.